ईडीची टाच आणि रीतसर खरेदी केलेला फ्लॅट

प्रश्न : वकीलसाहेब, आम्ही इंदूरचे. आईबाबांनी दोघांच्या नावे फेब्रुवारी २०२१ मध्ये निपानियाला ६२ लाखांत फ्लॅट घेतला. ४० लाखांचे बँकेचे कर्ज, १५ लाख बाबांच्या ग्रॅच्युइटी-पीएफचे आणि ७ लाख जुना प्लॉट विकून आलेले. शिवाय पार्किंग आणि फर्निचरचे म्हणून ३ लाख रोख दिले. विकणाऱ्याचे आधीचे कर्ज होते. त्याचे २९ लाख आमच्या बँकेने थेट त्याच्या बँकेत भरले. २०२२ मध्ये त्याच्यावर गुंतवणूकदारांना फसवल्याचा गुन्हा दाखल झाला. आता ईडीने १० जानेवारी २०२५ च्या आदेशाने आमच्या फ्लॅटवर टाच आणली आहे. त्याने हा फ्लॅट २०२० मध्ये ४८ लाखांना घेतला आणि त्यातले १८ लाख गुंतवणूकदारांचे होते, असे त्यात लिहिले आहे. दिल्लीहून नोटीस फक्त बाबांच्या नावाने आली असून तारीख २ एप्रिल आहे. आमच्यावर कोणताच गुन्हा नाही. विकणारा म्हणतो, 'माझा वकील तुमचेही बघेल.' काय करावे?

उत्तर :

सगळ्यात आधी विकणाऱ्याच्या वकिलाला नाही म्हणा. तुमची बाजू उभी राहते ती 'त्याचा आणि आमचा खरेदीखतापलीकडे काही संबंध नाही' या एका गोष्टीवर. त्याच्याच वकिलाच्या सहीने तुमचे उत्तर गेले, तर पहिल्याच पानावर ती गोष्ट कमकुवत होते. शिवाय दोघांचे हित परस्परविरोधी आहे. आपल्या पैशात खोट नव्हती हे त्याला सांगायचे आहे. तुमचे म्हणणे वेगळे असणार : खोट असलीच तर ती त्याच्यापाशी थांबली, आमच्यापर्यंत आली नाही.

घर लगेच जाणार आहे का, ही धास्ती मला समजते, म्हणून ते आधी सांगतो. आत्ता झाली आहे ती तात्पुरती टाच, मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ च्या कलम ५ खाली. तिचा अर्थ इतकाच की फ्लॅट विकता, बक्षीस देता किंवा नव्याने गहाण टाकता येणार नाही. त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे घरात राहायला, ते वापरायला आडकाठी नाही. आईबाबांनी निर्धास्त तिथेच राहावे. कर्जाचा हप्ता मात्र एकही चुकवू नका. 'घर ईडीकडेच जायचे तर हप्ता कशाला' म्हणून लोक हप्ते थांबवतात, मग बँक वसुलीला उभी राहते आणि एका संकटाची दोन होतात. वेळेवर भरलेला प्रत्येक हप्ता हा घर खरोखर तुमचे असल्याचा पुरावाही असतो.

टाच आणि सरकारजमा होणे यांत बरेच अंतर आहे. तात्पुरत्या टाचेचे आयुष्य १८० दिवसांचे. आदेश निघाल्यापासून ३० दिवसांत ईडीला दिल्लीच्या अ‍ॅडज्युडिकेटिंग अथॉरिटीकडे तक्रार दाखल करावी लागते. ते प्राधिकरण कलम ८ खाली तुम्हाला किमान ३० दिवसांची नोटीस देते, उत्तर घेते, सुनावणी करते आणि टाच कायम करते किंवा उठवते. हे सगळे १८० दिवसांत व्हावे लागते. तुमच्या बाबतीत ती मुदत ९ जुलै २०२५ ला भरते. मधल्या काळात हायकोर्टाची स्थगिती असेल तर ते दिवस वगळले जातात. तशी स्थगिती नसताना त्या तारखेपर्यंत आदेश झाला नाही तर टाच आपोआप संपते. टाच कायम झाली तरी मालमत्ता सरकारजमा होत नाही. ते ठरते इथल्या विशेष न्यायालयात, विकणाऱ्यावरच्या खटल्याचा निकाल लागल्यावर. म्हणजे लढाई लांबीची आहे, पण तिचा पाया २ एप्रिलच्या आधी तुम्ही जे उत्तर दाखल कराल त्यातच पडतो.

पहिल्या पायरीवर टाच उठणे कठीण असते, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. प्राधिकरण सकृतदर्शनी तपासणी करते, आणि माझ्या अनुभवात बहुतेक आदेश तिथे कायम होतात. म्हणून मी माझ्या पक्षकारांना सांगतो, हे उत्तर प्राधिकरणासाठी लिहाच, पण त्याहून जास्त त्यानंतरच्या अपिलीय न्यायाधिकरणासाठी लिहा. जो कागद इथे दाखल होत नाही, तो तिथे पहिल्यांदा काढला की 'इतके दिवस कुठे होता?' हा प्रश्न ठरलेला. 'आम्ही प्रामाणिक मध्यमवर्गीय लोक आहोत, आमचा काही दोष नाही' अशा दोन पानी उत्तराने मी चांगल्या चांगल्या केसेस बिघडलेल्या पाहिल्या आहेत. नोटिशीत काय विचारले आहे ते नीट वाचा. ही मालमत्ता कोणत्या उत्पन्नातून, कोणत्या साधनांतून घेतली आणि त्याचा पुरावा काय, असे कायद्याने विचारले आहे. उत्तर त्या प्रश्नाचेच हवे.

आता हातातला संच तपासा. त्यात टाचेचा मूळ आदेश, ईडीची तक्रार, ज्या कागदांवर ती अवलंबून आहे ते कागद आणि नोटीस काढण्यामागची प्राधिकरणाची लेखी कारणे असायला हवीत. यातले काही नसेल तर आजच लेखी मागणी करा आणि तिची पोच ठेवा. कागद आले की तीन जागा शोधा. पहिली, मालमत्तांच्या तक्त्यातली तुमची ओळ. फ्लॅट नंबर, मजला, क्षेत्रफळ, मालकांची नावे बरोबर आहेत का? दुसरी, तुमच्या फ्लॅटविषयी कारण लिहिलेला परिच्छेद. तिसरी, विकणाऱ्याचा कलम ५० खाली घेतलेला जबाब. त्यात त्याने तुमच्या व्यवहाराबद्दल काय सांगितले आहे? त्याने 'मी फ्लॅट बाजारभावाने विकला, पैसे बँकेतून आले' असे म्हटले असेल तर ते वाक्य तुमच्यासाठी मोलाचे आहे, कारण ईडी स्वतःच त्या जबाबावर विसंबली आहे.

दुसऱ्या जागेत सगळ्या प्रकरणाची किल्ली असते. ईडी दोन वेगवेगळ्या कारणांनी टाच आणू शकते. एक, हीच मालमत्ता गुन्ह्याच्या पैशातून आली. दोन, गुन्ह्याचा पैसा सापडत नाही, म्हणून तितक्याच किमतीची दुसरी मालमत्ता. दुसऱ्या प्रकारात तिसऱ्या माणसाने गुन्ह्याच्या आधी हक्क मिळवला असेल तर त्याची बाजू बरीच भक्कम असते. सुप्रीम कोर्टाने पावना दिब्बूर प्रकरणात, २९ नोव्हेंबर २०२३ च्या निकालात, गुन्हा घडण्याआधी घेतलेली मालमत्ता गुन्ह्यातून मिळालेली म्हणता येत नाही असे सांगितले. तुमची केस पहिल्या प्रकारातली आहे. विकणाऱ्याने फ्लॅट घेतानाच त्यात फसवणुकीचे १८ लाख आले असा आरोप आहे, म्हणून 'आमच्यावर गुन्हा नाही' हे उत्तर इथे पुरत नाही. टाच आणायला मालमत्ता धारण करणारा आरोपी असावा लागत नाही. कायदा 'कोणत्याही व्यक्तीच्या' ताब्यातली मालमत्ता म्हणतो.

मग पुरेल काय? दिल्ली हायकोर्टाचा एप्रिल २०१९ चा अ‍ॅक्सिस बँक प्रकरणातला निकाल इथे कामाचा आहे, आणि न्यायाधिकरण दिल्लीत असल्याने तिथे त्याला वजन आहे. गुन्ह्यानंतर हक्क मिळवणाऱ्या त्रयस्थाने साधारण चार गोष्टी दाखवायच्या, असा त्याचा रोख : व्यवहार शुद्ध हेतूने केला, योग्य आणि कायदेशीर मोबदला दिला, विकणाऱ्याच्या कृत्याशी संबंध नव्हता आणि जितकी चौकशी सुज्ञ माणूस करतो तितकी केली. उत्तराची मांडणी याच चौकटीत करा.

मोबदल्यापासून सुरुवात करू. रुपयान् रुपयाचा हिशेब एका पानावर आणा. ४० लाख कर्ज, त्यातले २९ लाख थेट विकणाऱ्याच्या बँकेत, ११ लाख त्याच्या खात्यात. स्वतःचे २२ लाख. किंमत ५० लाखांच्या वर होती, म्हणजे बाबांनी त्या वेळच्या पाऊण टक्का दराने टीडीएस कापून भरला असणार, ४६ हजार ५००. त्याचा फॉर्म २६क्यूबी शोधून काढा. लोक हा कागद विसरतात आणि माझ्या मते तो सर्वांत बोलका असतो, कारण पैसे लपवायचे असतील तो माणूस विकणाऱ्याचा पॅन नंबर टाकून आयकर खात्याला स्वतःहून व्यवहार कळवत नाही. मालक दोघे असल्याने तो दोघांच्या नावाने वेगवेगळा भरला आहे का, तेही पाहा. आता जुळणी करा : २९ लाख अधिक ११ लाख, अधिक २१ लाख ५३ हजार ५००, अधिक टीडीएसचे ४६ हजार ५००, एकूण ६२ लाख. प्रत्येक आकड्याच्या शेजारी बँक उताऱ्याची तारीख आणि पान क्रमांक द्या. मग एक पायरी मागे जा. १५ लाख बाबांच्या खात्यात कुठून आले? ऑफिसचे ग्रॅच्युइटीचे पत्र, पीएफचा हिशेब. ७ लाख कुठून? जुन्या प्लॉटची रजिस्ट्री आणि खरेदीदाराचा चेक. ही साखळी पगारापर्यंत मागे गेली की पुढे विचारायला फारसे उरत नाही. जोडीला त्या वेळचा कलेक्टर गाइडलाइनचा भाव आणि त्याच इमारतीतल्या दुसऱ्या एका रजिस्ट्रीची प्रत जोडा, म्हणजे ६२ लाख ही पडेल किंमत नव्हती हे दिसेल.

आता ते ३ लाख रोख. तुम्ही विचारण्याआधीच सांगितले हे फार बरे केले, कारण नेमके इथेच लोक घसरतात. पहिला मोह असतो ते लपवण्याचा. विकणाऱ्याने जबाबात किंवा त्याच्या वहीत ते लिहिलेले असेल, तर तुमचे लपवणे उघडे पडेल आणि खरे असलेले ६२ लाखही संशयात येतील. दुसरा मोह आजच्या तारखेला एखादी जुनी पावती तयार करण्याचा. हे कधीही करू नका. ई-स्टॅम्पवर तारीख आणि क्रमांक असतो, तो तपासायला दोन मिनिटे पुरतात. प्राधिकरणापुढची कार्यवाही न्यायिक मानली जाते. तिथे खोटा कागद देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि आज आरोपी नसलेले बाबा त्या दिवशी आरोपी होतील. खरे ते सांगा. ही रक्कम फ्लॅटच्या किमतीची नव्हती, फर्निचर आणि पार्किंगची होती, आणि ती बाबांच्या या खात्यातून या तारखेला काढली. त्या महिन्यांत खात्यातून रोख काढल्याची नोंद असेल तर ती दाखवा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारायला आयकर कायद्याच्या कलम २६९एसएसने मनाई होती, पण त्याचा दंड घेणाऱ्यावर होता, देणाऱ्यावर नाही. बाबांना फक्त पैशाचा उगम सांगायचा आहे. पार्किंगचा उल्लेख रजिस्ट्रीत आधीच असेल, तर मात्र 'पार्किंगचे वेगळे' हे स्पष्टीकरण टिकणार नाही. उत्तर लिहिण्याआधी खरेदीखत पुन्हा वाचा.

इथे जाता जाता एक सांगतो. इंदूरमध्ये 'डायरीवर' प्लॉट घेतलेले लोक माझ्याकडे येतात. कॉलनायझरच्या सहीची चिठ्ठी, रोख हप्ते, रजिस्ट्री नाही. त्यांच्या तुलनेत तुमची जमीन पक्की आहे. ज्याच्याकडे नोंदणीकृत कागदच नाही त्याला 'मी धारक आहे' हेच आधी सिद्ध करावे लागते.

चौकशी केल्याचा पुरावा बहुतेकांच्या घरात असतो, त्यांना तो माहीत नसतो. बँकेने ४० लाख दिले म्हणजे बँकेच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट आहे, मूल्यांकन अहवाल आहे, विकणाऱ्याच्या बँकेने कर्ज फिटल्यावर दिलेले ना-देय प्रमाणपत्र आहे. बँकेला पत्र देऊन या सगळ्याच्या प्रमाणित प्रती घ्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकणाऱ्यावर गुन्हा नव्हता, सब-रजिस्ट्रारकडे कुठली नोंद नव्हती, एका बँकेने त्याला कर्ज दिले होते आणि दुसऱ्या बँकेने तोच फ्लॅट तपासून तुम्हाला दिले. बँकेच्या वकिलाला जे दिसले नाही ते निवृत्त माणसाला दिसायला हवे होते, असे कुणी म्हणू शकत नाही. सोबत नगर निगमातले नामांतरण, मालमत्ता कर आणि वीजबिले जोडा, म्हणजे खरेदीनंतर लगेच तुम्ही मालक म्हणून वावरलात हे दिसेल. विकणारा नात्यातला, भागीदार किंवा जुना मालक-नोकर असेल तर तेही आधीच सांगा. तसे काही नसेल तर शपथपत्रात एका वाक्यात स्पष्ट नकार द्या.

आता दुसरी बाजू, विकणाऱ्याच्या पैशाची. ईडीच्या तक्त्याप्रमाणे ४८ लाखांपैकी १८ लाख दूषित. उरलेले ३० लाख त्याने कर्जातून भरले होते का, हे त्याच्या बँकेच्या कागदावरून बघा. तुमच्या बँकेने फेडलेल्या २९ लाखांवरून तसेच दिसते. हे खरे ठरले तर ईडीच्याच म्हणण्याप्रमाणे फ्लॅटमधला दूषित वाटा साडेसदतीस टक्क्यांहून जास्त नव्हता. त्याहून महत्त्वाचे, तो वाटा गेला कुठे? २०२१ मध्ये विकणाऱ्याने फ्लॅट देऊन तुमचे स्वच्छ पैसे घेतले. त्याचे जुने कर्ज फिटले आणि वर सुमारे ३३ लाख त्याच्या हाती आले. गुन्ह्याचा पैसा आता त्या रकमेच्या रूपात त्याच्याकडे आहे किंवा त्याने जिथे वळवला तिथे आहे. ईडीने तिचा माग काढावा. फ्लॅट आणि त्याची किंमत दोन्ही एकाच वेळी गुन्ह्याचे उत्पन्न मानले, तर एकाच पैशावर दोनदा टाच येते. हा मुख्य युक्तिवाद ठेवा. त्याच्या खाली, 'हे मान्य न झाल्यास, मुख्य म्हणणे न सोडता', टाच जास्तीत जास्त १८ लाखांपुरती मर्यादित करावी अशी पर्यायी मागणी करा. शब्दरचना काळजीपूर्वक हवी, नाहीतर १८ लाखांपुरता दोष कबूल केला असा अर्थ काढतील.

बँकेलाही लेखी कळवा आणि तिने स्वतंत्र अर्ज द्यावा असा आग्रह धरा. ४० लाखांचा तारण हक्क तिचा आहे. अ‍ॅक्सिस बँकेच्या निकालाचा गाभाच असा की शुद्ध हेतूने मिळालेल्या तारणाच्या हक्काइतका भाग टाचेच्या बाहेर राहावा. बँका अशा वेळी 'वरून सूचना आलेली नाही' म्हणून स्वस्थ बसतात. पत्राची पोच घ्या, पाठपुरावा करा. बँक उभी राहिली की तुमच्या कथनाला दुसरा, निष्पक्ष साक्षीदार मिळतो.

ईडीच्या आदेशातही भेगा शोधाव्या लागतात, पण मोजक्याच. पहिली : मूळ गुन्ह्यातली कलमे. भारतीय दंड संहितेचे कलम ४२०, फसवणूक, मनी लाँडरिंग कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे ज्या गुन्ह्यांवरून ही कारवाई होऊ शकते त्यांच्या यादीत आहे. कलम ४०६, विश्वासघात, नाही. एफआयआर आणि आरोपपत्राची प्रत काढून बघा. नुसते ४०६ असेल तर सगळ्या कारवाईचा पायाच नाही. सुप्रीम कोर्टाने विजय मदनलाल चौधरी प्रकरणात, २७ जुलै २०२२ रोजी, अनुसूचित गुन्हा नसेल किंवा आरोपी त्यातून सुटला असेल तर मनी लाँडरिंगची कारवाई टिकत नाही हे स्पष्ट केले आहे. दुसरी भेग : मालमत्ता लपवली किंवा विकली जाण्याची शक्यता आहे, असे कारण अधिकाऱ्याने लिहावे लागते. बाबा चार वर्षे तिथे राहतात, फ्लॅट बँकेकडे गहाण आहे, मूळ कागद बँकेच्या तिजोरीत आहेत. तो फ्लॅट बँकेला न कळता विकणे अशक्य आहे. आदेशात फक्त छापील वाक्य असेल तर हे नेमके मांडा. तिसरी : नोटीस. मालमत्ता दोघांच्या नावे असेल तर दोघांना नोटीस द्यावी लागते. आईच्या नावाने आली नाही हा प्रक्रियेतला दोष आहे. पण त्यावर विसंबून आईने गप्प बसू नये. तो आक्षेप नोंदवा आणि आईच्या वतीने, कलम ८(२) च्या परंतुकाखाली, वेगळे उत्तर द्या. आईचे पैसे किती, कुठून, हे तिच्या शपथपत्रात हवे. तिचे स्वतःचे पैसे नसतील तर तसे सरळ लिहा : नवऱ्याने प्रेमाने नाव लावले. तो काही गुन्हा नाही.

पुराव्याचा भार कुणावर, हे विचाराल. कलम २४ प्रमाणे आरोपीबाबत न्यायालय मनी लाँडरिंग झाले असे गृहीत धरणारच. आरोपी नसलेल्या माणसाबाबत 'गृहीत धरू शकते' एवढेच आहे. आणि गृहीत धरण्याआधी ईडीने पैशाचा धागा मालमत्तेपर्यंत आणून दाखवायचा असतो. तुमच्या बाबतीत तो धागा २०२० पर्यंत दिसतो, २०२१ च्या पुढे तुमच्याकडे येत नाही. हे वाक्य उत्तरात असू द्या.

दिवाणी कोर्टात दावा टाकावा असे कुणी सुचवेल, तो मार्ग कलम ४१ ने बंद आहे. इंदूर खंडपीठात रिट? अनुसूचित गुन्हाच नसेल किंवा १८० दिवस उलटून गेल्यावरही टाच चालू असेल, तर जरूर. एरवी हायकोर्ट 'आधी तिथे जा' म्हणते आणि तुमचे महिने त्यात जातात. आणखी एक, हातातला कागद खरोखर मनी लाँडरिंग कायद्याखालचाच आहे ना, याची खात्री करा. जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ खाली पोलीसही एसपींच्या मंजुरीने न्यायालयाकडून मालमत्तेवर टाच मागू शकतात. तिथे कारणे दाखवा नोटिशीची मुदत फक्त १४ दिवसांची आहे आणि मंच स्थानिक न्यायालय आहे. तुमची नोटीस दिल्लीची आणि कलम ८ ची आहे, म्हणून तो प्रश्न तुम्हाला नाही. पण असा कागद घेऊन लोक दिल्लीच्या तारखेची वाट बघत बसल्याचे पाहिले आहे.

टाच कायम झाली तर काय, तेही आत्ताच समजून घ्या. आदेशाची प्रत मिळाल्यापासून ४५ दिवसांत दिल्लीच्या अपिलीय न्यायाधिकरणात अपील, कलम २६ खाली. प्रत कुणाच्या हाती, कोणत्या दिवशी आली ते पाकिटासकट जपून ठेवा. अपिलासोबतच स्थगितीचा अर्ज द्या, कारण टाच कायम झाल्याबरोबर कलम ८(४) खाली ताबा घेण्याचा अधिकार ईडीला येतो आणि घर रिकामे करण्याच्या नोटिशीतली मुदत अगदी थोडी असते. विजय मदनलालच्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटले आहे की सरकारजमा होण्याचा अंतिम आदेश होण्याआधी ताबा घेणे हा अपवाद असावा, नियम नाही. वृद्ध दांपत्य, एकच राहते घर, चालू कर्ज : हे तिन्ही मुद्दे स्थगितीच्या अर्जात ठळक हवेत. अपील दाखल झाले की त्याच दिवशी ईडीच्या इंदूर कार्यालयाला लेखी कळवा. न्यायाधिकरणाच्या निकालावर ६० दिवसांत हायकोर्टात जाता येते, आणि तुम्ही इथे राहता म्हणून ते इंदूर खंडपीठच.

कायम झालेली टाच खटला चालू असेपर्यंत राहते, आणि ते वर्षानुवर्षे चालू शकते. खटला अजून दाखल झालेला नसेल आणि नुसता तपास चालू असेल, तर ३६५ दिवसांची मर्यादा आहे. ती तारीख वहीत लिहून ठेवा. विकणारा निर्दोष सुटला तर विशेष न्यायालयाला मालमत्ता मोकळी करावीच लागते. दोषी ठरला तर ज्याचा वैध हक्क आहे आणि नुकसान झाले आहे अशा दावेदाराला मालमत्ता परत देण्याची सोय कलम ८(८) मध्ये आहे, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर खटला चालू असतानाही तसा अर्ज विचारात घेता येतो. पण तिथे तुम्ही एकटे नसाल. ज्यांचे पैसे बुडाले ते गुंतवणूकदारही त्याच फ्लॅटकडे डोळे लावून असतील, आणि त्यांचे दुःख खोटे नाही. म्हणून 'आमचाही पैसा त्याच माणसाकडे गेला, तो त्याच्याकडून वसूल व्हावा' ही भूमिका पहिल्या उत्तरापासून सारखी ठेवा.

ईडीचे समन्स आले तर बाबांनी जावे. कलम ५० खालचा जबाब पुरावा म्हणून वापरला जातो. आठवत नाही ते 'आठवत नाही, कागद बघून सांगतो' असे म्हणावे, अंदाजाने आकडा देऊ नये. सही करण्याआधी पूर्ण वाचावा. हिंदीत लिहिलेला असेल आणि एखादा शब्द चुकला असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्यावा. वर सांगितलेले एका पानाचे हिशेबपत्रक सोबत न्यावे आणि त्याची प्रत देऊन पोच घ्यावी.

मार्चच्या मध्यापर्यंत बँकेचे कागद, २६क्यूबी, ग्रॅच्युइटी-पीएफची पत्रे आणि जुन्या प्लॉटची रजिस्ट्री हातात आली पाहिजे. उत्तर २ एप्रिललाच द्यायचे असे नाही, ते चार दिवस आधी दाखल करा आणि ईडीला त्याची प्रत पोचवा. सुनावणी बहुधा व्हिडिओवरून होते. वकील जाईलच, पण बाबांनीही समोर बसावे. एकही कागद यायचा राहिला असेल तर त्यासाठी तारीख मागत बसू नका. आहे ते दाखल करा आणि राहिलेल्या कागदाचे नाव लिहून तो नंतर देण्याची परवानगी त्याच उत्तरात मागा.